पगाराच्या फाइलीत बँक नाव वाचत नाही

अकरा माणसांचा पगार नेट बँकिंगमधून एकेक करून पाठवता येतो. खातं निवडायचं, रक्कम टाकायची, ओटीपी यायची वाट बघायची आणि हेच अकरा वेळा करायचं. पुष्कळ छोटे मालक असंच करतात. मग सातव्या माणसापाशी कुणाचा तरी फोन येतो आणि वेल्डरचा पगार झाला की राहिला, हे बघायला पुन्हा स्टेटमेंट उघडावं लागतं. याला पर्याय आहे. सगळ्यांचे खाते क्रमांक आणि रकमा एका फाइलीत भरून ती एकदाच चढवायची आणि एकदाच मंजुरी द्यायची. बहुतेक बँका चालू खात्याच्या नेट बँकिंगमध्ये ही सोय देतात. तिला कुठे बल्क अपलोड म्हणतात, कुठे सॅलरी अपलोड.

काम दहा मिनिटांचं होतं, हे खरं. पण त्याच दहा मिनिटांत अकराही पगार भलत्याच खात्यांत धाडता येतात. त्यामुळे ही फाइल बँकेचा संगणक कशी वाचतो, ते आधी समजून घेतलेलं बरं.

संगणक नाव वाचत नाही. फाइलीत नावाचा रकाना असतो, तो भरावाच लागतो, पण पैसे जमा होतात ते खाते क्रमांक बघून. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१० मध्ये बँकांना पाठवलेल्या परिपत्रकात हे स्पष्ट केलं होतं. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने आलेली रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा करता येईल आणि तो क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पैसे पाठवणाऱ्याची राहील. चेकचा जमाना असा नव्हता. चेकवरचं नाव आणि खात्यावरचं नाव जुळलं नाही, तर काउंटरवरचा माणूस चेक परत द्यायचा. फाइलीच्या वाटेवर असा माणूस बसलेला नाही.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक वर्कशॉप घेऊ. कोल्हापूरजवळ शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत ते आहे असं समजा. सुपरवायझर, दोन टर्नर, वेल्डर, मिलिंग ऑपरेटर, फिटर, तपासणीला एक जण, स्टोअरला एक, ऑफिसात एक ताई आणि दोन हेल्पर, अशी अकरा माणसं. पीएफ, ईएसआय, व्यवसाय कर आणि घेतलेली उचल वजा जाता जुलैचा हातात द्यायचा पगार होतो २,२९,९०० रुपये. चार जणांची खाती मालकाच्याच बँकेत आहेत, उरलेल्या सात जणांची वेगवेगळ्या बँकांत.

पहिलं काम बँकेच्या शाखेतलं आणि ते एकदाच करायचं असतं. घरगुती बचत खात्याच्या नेट बँकिंगमध्ये ही सोय सहसा नसते. ती व्यवसायाच्या नेट बँकिंगमध्ये असते आणि त्यासाठी अर्ज द्यावा लागतो. फाइल कोण चढवणार, मंजुरी कोण देणार आणि दिवसाला किती रकमेपर्यंत, हे त्यात लिहून द्यायचं असतं. भागीदारी असेल तर भागीदारांचं पत्र लागतं, कंपनी असेल तर संचालक मंडळाचा ठराव. मर्यादा लिहिताना नेहमीच्या पगाराचा आकडा डोळ्यांसमोर ठेवून भागत नाही, दिवाळीत बोनस आणि पगार एकाच दिवशी जातात. अडीच लाखांची मर्यादा ऑक्टोबरपर्यंत पुरते आणि बोनसच्या दिवशी फाइल अडकते.

मग बँक फाइलीचा नमुना देते. प्रत्येक बँकेचा नमुना वेगळा असतो, एकीचा दुसरीला चालत नाही. पण आतला ऐवज बहुतेक ठिकाणी सारखाच असतो. नमुन्यादाखल दोन ओळी बघा. क्रमांक अर्थातच खोटे आहेत.

```
N,0123456789012345,24300.00,TURNER NAME,ABCD0001234,SAL JUL
I,98765432101,18600.00,CLERK NAME,,SAL JUL
```

पहिल्या ओळीतला N म्हणजे एनईएफटी, म्हणजे दुसऱ्या बँकेतलं खातं. दुसरीतला I म्हणजे त्याच बँकेतलं खातं, म्हणून तिथे आयएफएससीची जागा मोकळी आहे. पुढे खाते क्रमांक, रक्कम, नाव, आयएफएससी आणि शेवटी शेरा. हा शेरा आळस न करता लिहावा. कर्मचाऱ्याच्या पासबुकात दर महिन्याला पगार म्हणून नोंद दिसली की घराच्या किंवा गाडीच्या कर्जाच्या वेळी त्याला ती दाखवता येते. आयएफएससी अकरा अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचव्या जागी नेहमी शून्य आणि शेवटची सहा शाखेची. पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप झाला की ती ओळ नापास होते. ही चूक बिनधोक आहे, कारण पोर्टल ती लगेच पकडतं. पोर्टल जी पकडत नाही, तिची काळजी जास्त करायला हवी.

फाइल बहुतेक जण एक्सेलमध्ये करतात आणि पहिला खड्डा तिथेच आहे. खाते क्रमांक हा दिसायला आकडा असला तरी एक्सेलच्या दृष्टीने तो मजकूर असायला हवा. त्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते. एक्सेलला हे सांगितलं नाही, तर तो त्याला संख्या समजतो आणि त्याचे तीन परिणाम होतात. सुरुवातीचं शून्य गळून पडतं. अकरापेक्षा जास्त अंक असले की 1.23457E+14 असं काहीतरी दिसू लागतं, आणि त्या अवस्थेत सीएसव्ही म्हणून फाइल जतन केली तर बँकेकडे तेच चिन्ह जातं. तिसरा परिणाम सगळ्यांत वाईट. एक्सेल संख्येतले फक्त पहिले पंधरा अंक लक्षात ठेवतो, सोळाव्याच्या जागी शून्य घालतो. पंजाब नॅशनल बँकेसारख्या काही बँकांचे खाते क्रमांक सोळा अंकी आहेत. शेवटचा अंक ७ असलेला क्रमांक शून्याने संपणारा होतो, आणि तसा क्रमांक खरंच कुणाचा तरी असू शकतो.

उपाय सोपा आहे, फक्त तो क्रमांक लिहिण्याआधी करायचा. खाते क्रमांकाचा पूर्ण रकाना निवडून त्याचा प्रकार Text करावा आणि मगच क्रमांक भरावेत. क्रमांक भरून झाल्यावर Text केलं, तर गेलेलं शून्य परत येत नाही. सीएसव्ही तयार झाल्यावर ती पुन्हा एक्सेलमध्ये डबल क्लिक करून उघडू नये. उघडताना एक्सेल सगळे क्रमांक नव्याने संख्या म्हणून वाचतो आणि तुम्ही सवयीने जतन केलं की आधीची मेहनत वाया जाते. तपासायची असेल तर ती नोटपॅडमध्ये उघडावी. नोटपॅडला अक्कल नाही, म्हणूनच तो इथे विश्वासाचा.

रकमेचाही एक बारीक घोळ असतो. मिलिंग ऑपरेटरचा महिना २६,००० रुपयांचा, आणि ३१ दिवसांच्या महिन्यात तो २९ दिवस हजर होता, तर हिशेब येतो २४,३२२.५८. पडद्यावर पैसे दिसू नयेत म्हणून रकाना पूर्ण रुपयांत दाखवला, तर दिसतं २४,३२३, पण आत मूळ आकडा तसाच राहतो. असे चार-पाच पगार असले की पगारपत्रकाची बेरीज आणि फाइलीची बेरीज एका रुपयाने चुकते, आणि तो रुपया शोधण्यात अख्खी संध्याकाळ जाते. प्रत्येक पगाराला ROUND लावून तो खरोखर पूर्ण रुपयात आणावा. रकमेत स्वल्पविरामही नको. सीएसव्हीत स्वल्पविराम म्हणजे पुढचा रकाना.

आता दुसरा खड्डा. माझ्या मते सगळ्यांत धोकादायक हाच, कारण यात एकही क्रमांक चुकलेला नसतो. समजा ऑफिसातल्या ताईंना यादी नावांच्या क्रमाने लावायची आहे. त्या नावाचा रकाना निवडतात आणि क्रम लावण्याचं बटण दाबतात. एक्सेल विचारतो, Expand the selection की Continue with the current selection? घाईत दुसरा पर्याय निवडला जातो. नावं वर्णानुक्रमे लागतात, पण शेजारचे खाते क्रमांक आणि रकमा जागच्या हलत नाहीत. आता सुपरवायझरच्या नावापुढे हेल्परचं खातं आलं आणि टर्नरच्या नावापुढे फिटरचं. एवढ्यावर थांबलं तरी बरं, कारण खातं आणि रक्कम यांची जोडी अजून शाबूत आहे आणि बँक नाव वाचत नाही, त्यामुळे पैसे योग्य जागी जातील. पण त्यानंतर ताई हजेरीपत्रक समोर घेऊन नावं बघत बघत रकमा भरायला लागल्या, की जोडी तुटते. सुपरवायझरचे ३१,८०० हेल्परच्या खात्यात आणि हेल्परचे १४,३५० वेल्डरच्या.

या फाइलीला नेहमीचे ताळे लावून बघा. ओळी अकरा, बरोबर. बेरीज २,२९,९००, बरोबर. सगळी खाती चालू, सगळे आयएफएससी खरे. पोर्टल हिरवी खूण देतं. मालक बेरीज बघून मंजुरी देतात. संध्याकाळी हेल्पर आनंदात आणि सुपरवायझर दारात.

यावरचा खरा बंदोबस्त म्हणजे खाते क्रमांक दर महिन्याला टाइप करायचाच नाही आणि चिकटवायचाही नाही. एक मूळ यादी ठेवावी. त्यात प्रत्येकाला एक क्रमांक द्यावा, टर्नरचा E02, वेल्डरचा E04, असा. नाव, खातं आणि आयएफएससी तिथे एकदाच, पासबुक किंवा रद्द केलेला चेक समोर ठेवून भरावं. महिन्याच्या पानावर फक्त कर्मचारी क्रमांक आणि रक्कम लिहायची, बाकी सगळं सूत्राने मूळ यादीतून येऊ द्यायचं. ज्यांच्याकडे बँकेचा नमुना हातानेच भरावा लागतो, त्यांनी निदान शेजारी एक तपासणीचा रकाना ठेवावा. कर्मचारी क्रमांक A रकान्यात आणि खातं C मध्ये असेल, तर एवढं पुरतं:

```
=EXACT(C2,VLOOKUP(A2,Master!A:C,3,FALSE))
```

प्रत्येक ओळीपुढे TRUE आलं की खाती मूळ यादीप्रमाणे आहेत. एकही FALSE दिसलं तर फाइल चढवायची नाही.

पण मूळ यादीच चुकीची असली तर? नव्या माणसाचं खातं जोडताना एक सोय आता हाताशी आहे. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना खाते क्रमांक व आयएफएससी टाकल्यावर खातेदाराचं नाव दाखवण्याची व्यवस्था बँकांनी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. तिला शुल्क नाही. फाइल चढवण्याआधी प्रत्येक नवं खातं एकदा त्यातून काढावं. दिसणारं नाव त्या माणसाच्या बँकेच्या दप्तरातलं असतं, त्यामुळे पडद्यावर भलतंच नाव आलं तर तिथेच थांबता येतं. पूर्वी लोक एक रुपया पाठवून कर्मचाऱ्याला फोन करायचे, आला का म्हणून. तेही वाईट नव्हतं.

जुन्या माणसांचे आयएफएससीही कायमचे नसतात. बँका एकमेकींत विलीन झाल्या की कोड बदलतात आणि जुना कोड काही काळ चालून मग बंद पडतो. २०१९-२० मध्ये देना, विजया, सिंडिकेट, आंध्रा, कॉर्पोरेशन, ओरिएंटल या बँका मोठ्या बँकांत गेल्या तेव्हा हे झालं. अलीकडे, १ मे २०२५ पासून, विदर्भ कोकण ग्रामीण बँक आणि महाराष्ट्र ग्रामीण बँक एक झाल्या. चिपळूणकडचा किंवा चंद्रपूरकडचा कुणी कामावर असेल आणि त्याचं खातं गावाकडचंच असेल, तर नवं पासबुक मागून घ्यावं.

खातं बदलण्याची विनंती मात्र व्हॉट्सॲपवर आली म्हणून मूळ यादी बदलू नये. दुसऱ्याच्या नावाने असा मेसेज किंवा ईमेल पाठवून पगार वळवणं ही ओळखीची फसवणूक आहे. समोर माणूस उभा असताना, पासबुक बघून आणि त्याची सही घेऊनच क्रमांक बदलावा. वर्कशॉप इतकं लहान असतं की हे अवघड जात नाही.

फाइल चढवल्यावर पोर्टल आधी तिची रचना तपासतं आणि ओळींची संख्या व बेरीज दाखवतं. ही जागा घाईने ओलांडू नये. पगारपत्रकावरचे दोन आकडे, ११ आणि २,२९,९००, कागदावर लिहून ठेवावेत आणि पडद्यावरच्या आकड्यांशी लावून बघावेत. नंतर मंजुरी. चढवणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, अशी रचना बँकेने मुद्दाम केलेली असते. छोट्या ठिकाणी ती कागदावरच उरते, कारण दोन्ही पासवर्ड अकाउंटंटकडे असतात आणि मालक गाडी चालवता चालवता फोनवर ओटीपी सांगतात. हे नुसतं अकाउंटंटवरच्या विश्वासापुरतं नाही. दुसऱ्या डोळ्यांनी फाइल बघितली जात नाही, हे नुकसान मोठं आहे. मालकांनी लॉगिन करून निदान वरच्या तीन-चार ओळी नावं आणि रकमांसकट वाचल्या, तर सुपरवायझरपुढचे १४,३५० त्यांना लगेच खटकतील. कुणाला किती द्यायचे हे त्यांना तोंडपाठ असतं, आणि ते बँकेच्या कुठल्याच संगणकाला ठाऊक नसतं.

खात्यात पैसे कमी पडले तर काय होतं, हे आधी आपल्या बँकेला विचारून ठेवावं. काही ठिकाणी पूर्ण फाइल नाकारली जाते, काही ठिकाणी वरून जितक्या ओळी बसतील तितक्या जातात आणि खालचे राहतात. शेवटच्या ओळीत सहसा हेल्पर असतो, आणि उधारीवर किराणा आणणाराही तोच असतो. एकूण रक्कम एकाच ओळीत वजा होणार की अकरा वेगवेगळ्या ओळींत, तेही विचारावं. वहीखात्याला दोन्ही चालतं, पण अकरा ओळी असल्या तर कुणाचे गेले हे स्टेटमेंटवरच दिसतं.

मंजुरीनंतर पडद्यावर यशस्वी अशी अक्षरं येतात आणि इथे बरेच जण संगणक बंद करतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच असतो की फाइल घेतली गेली किंवा तुमच्या खात्यातून पैसे निघाले. त्याच बँकेतल्या चार जणांना ते लगेच मिळतात. उरलेले सात एनईएफटीतून जातात. एनईएफटी १६ डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास आणि वर्षाचे सगळे दिवस चालू आहे, रविवारीही. दर अर्ध्या तासाला एक खेप निघते. समोरच्या बँकेने खेप झाल्यावर दोन तासांच्या आत रक्कम जमा करायची किंवा परत पाठवायची, असा नियम आहे. म्हणजे खातं बंद असेल किंवा क्रमांकच अस्तित्वात नसेल, तर पैसे तुमच्या खात्यातून जाऊन दोन-तीन तासांनी परत येतात. परत आलेली रक्कम स्टेटमेंटमध्ये जमेच्या बाजूला वेगळी ओळ म्हणून दिसते. ती कुणी बघितली नाही, तर कर्मचाऱ्याचा फोन येईपर्यंत कुणाला कळत नाही.

म्हणून त्याच दिवशी काही तासांनी पोर्टलवरून निकालाची फाइल उतरवून घ्यावी. तिच्यात प्रत्येक ओळीपुढे यूटीआर नावाचा क्रमांक असतो, एनईएफटीचा सोळा अक्षरांचा. पैसे दिसत नाहीत असं कर्मचारी म्हणाला, तर त्याला तोच क्रमांक द्यायचा. त्यावरून त्याची बँक शोध घेऊ शकते.

आपल्या वर्कशॉपमध्ये समजा टर्नरचे २४,३०० परत आले. त्याचं जुनं खातं बंद झालं होतं आणि त्याने ते सांगितलं नव्हतं. मूळ यादीत नवं खातं भरलं. इथे सगळ्यांत महागडी चूक होते. दुरुस्त केलेली पूर्ण फाइल पुन्हा चढवली जाते, अकरा ओळींची. त्यात दहा जणांना दुसऱ्यांदा पगार जातो, २,०५,६०० रुपये जादा. फाइलीचं नाव तेच असलं तर काही पोर्टलं ती नाकारतात, पण दुरुस्त केली म्हणून नाव बदललेलं असतं. फाइल चढवताना इंटरनेट गेलं आणि पडदा गोल गोल फिरत राहिला, की हीच चूक दुसऱ्या वाटेने होते. झालं नसेल असं समजून लोक पुन्हा चढवतात. त्याआधी स्टेटमेंट उघडून पैसे निघाले का, एवढं बघितलं की पुरे. परत आलेल्या ओळीसाठी नेहमी नवी, एकाच ओळीची फाइल करावी, किंवा सरळ एकट्याला पाठवून द्यावं.

दोनदा गेलेले पैसे बँक आपण होऊन परत ओढून आणत नाही, समोरच्या खातेदाराची संमती लागते. तुमचीच माणसं असली तर पुढच्या पगारात वळते करता येतात. मात्र ज्याच्या खात्याचा हप्ता त्या पैशांतून त्याच दिवशी कापला गेला, त्याला पुढच्या महिन्यात अर्ध्या पगारावर ठेवता येत नाही, आणि मालकाला मुदत द्यावी लागते. पैसे परक्याच्या खात्यात गेले असतील, तर आपल्या बँकेला लगेच लेखी कळवायचं आणि समोरच्याच्या चांगुलपणाची वाट बघायची.

काम झाल्यावर फाइलीचं काय, हाही प्रश्न असतो. तिच्यात सगळ्यांची खाती आणि सगळ्यांचे पगार आहेत. ती ऑफिसच्या सामायिक संगणकाच्या डाउनलोड फोल्डरमध्ये पडून राहिली, तर दोन टर्नरांच्या पगारातला फरक दुपारच्या जेवणापर्यंत वर्कशॉपभर होतो. पासवर्ड असलेल्या जागी एक प्रत ठेवून बाकीच्या पुसून टाकाव्यात. सीएच्या ऑफिसला ती व्हॉट्सॲपवर धाडण्याचीही गरज नसते, त्यांना पगारपत्रक पुरतं.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा, असं कायदा सांगतो. एनईएफटी रात्रीही चालते म्हणून सहा तारखेच्या रात्री फाइल चढवणारे आहेत. बंद खात्यावरून रक्कम परत आली, तर नवं पासबुक मागवायला, नाव पडताळायला आणि पुन्हा पाठवायला एक कामाचा दिवस लागतो. म्हणून फाइल चार तारखेला दुपारी चढवा, आणि संध्याकाळी निकालाची फाइल उतरवूनच ऑफिस बंद करा.